वारा सरतो का, हे आधी विचारा

गेल्या हंगामातील गोष्ट आहे. पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवरून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींना त्यांच्या दिराने जीपमधून माझ्याकडे आणले. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. घरी आजी व दोन नातवंडे. आमच्या भागात दिवाळीनंतर अनेक घरांची अशीच स्थिती असते आणि म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याचा निर्णय शेजारीपाजारी मिळून घेतात. या आजींचा निर्णय घेण्यात अडीच दिवस गेले होते.

मंगळवारी रात्री जेवणानंतर पोटात कळ येऊ लागली. कळ यायची, दोन-तीन मिनिटे राहायची, ओसरायची आणि पुन्हा यायची. पहाटे दोन उलट्या झाल्या. पिठले बाधले असावे, असे सर्वांना वाटले. बुधवारी ओवा झाला, गरम पाणी झाले, आणि दुपारी शेजारणीने एरंडेल दिले. त्यानंतर थोडीशी शौचास झाली. ‘पोट मोकळे झाले’ म्हणून घरात हायसे वाटले. परंतु संध्याकाळपासून उलटी हिरवट, मग तपकिरी व दुर्गंधीयुक्त होऊ लागली. गुरुवारी सकाळी पोट नगाऱ्यासारखे फुगले होते आणि दिवसभरात लघवी एकदाच झाली होती.

त्या थोड्याशा शौचाने सर्वांना फसवले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, कारण ही फसगत वारंवार होते. आतडे एखाद्या ठिकाणी बंद झाले, तरी त्या जागेच्या पुढे, म्हणजे गुदद्वाराकडील भागात, आधीचा मळ असतोच. तो एकदा-दोनदा बाहेर पडू शकतो. त्यावरून वाट मोकळी आहे, असे ठरत नाही. म्हणून मी नातेवाइकांना शौचापेक्षा निराळा प्रश्न विचारतो: वारा सरतो का, आणि शेवटचा कधी सरला? साध्या बद्धकोष्ठतेत माणूस चार दिवस शौचास गेला नाही, तरी वारा सरतो, थोडीफार भूक असते आणि सहसा उलट्या होत नाहीत. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि वाराही सरत नाही, असे तिन्ही एकत्र दिसले, तर ते आतडे अडल्याचे लक्षण समजावे. आजींचा वारा मंगळवार रात्रीपासून सरलेला नव्हता. तोपर्यंत त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते.

मी तपासले तेव्हा जीभ कोरडी, नाडी मिनिटाला 112, रक्तदाब 100/60. पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण नव्हता. व्रण पाहणे महत्त्वाचे असते, कारण पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात तयार होणारे चिकट पट्टे हे लहान आतडे अडण्याचे एक मोठे कारण आहे. ती शस्त्रक्रिया वीस-तीस वर्षांपूर्वीची असली तरीही. येथे ते कारण नव्हते. मग मी आजींना लुगडे थोडे सैल करण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. दिराला बाहेर पाठवून, परिचारिकेला जवळ उभे करून पुन्हा विनंती केली, तेव्हा उजव्या जांघेच्या घडीखाली लिंबाएवढी, टणक, लालसर गाठ दिसली. हात लावताच त्या कळवळल्या.

‘ही कधीपासून आहे, आजी?’

‘दोन वर्सं झाली असतील. आधी निजलं की आत जायची. बाईमाणसानं असलं कोणाला सांगायचं, डॉक्टर?’

हा मांडीच्या सांध्याजवळचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. जांघेतील सर्वांत परिचित हर्निया पुरुषांत अधिक दिसतो. हा खालचा प्रकार मात्र प्रामुख्याने उतारवयातील स्त्रियांत आढळतो. याचे तोंड अरुंद व कडक असते, त्यामुळे त्यात शिरलेले आतडे अडकण्याचा धोका मोठा. आडपडद्यापायी अंतर्गळ लपविणे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडची राणी कॅरोलिन हिने बेंबीचा अंतर्गळ वर्षानुवर्षे वैद्यांपासून लपविला आणि त्यात आतडे अडकून 1737 मध्ये तिचा मृत्यू झाला.

आतडे अडले की शरीरात काय घडते? आपण पितो ते पाणी आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून दिवसाला सुमारे आठ लिटर द्रव आतड्यात उतरतो व त्यातील बहुतेक पुन्हा रक्तात शोषला जातो. वाट बंद झाली की तो अडथळ्यामागे साचतो. पोट फुगते, उलटी होते, आणि रक्तातील पाणी व क्षार घटल्याने लघवी कमी होते, नाडी धावते. इथवर सलाइनने सावरता येते. खरा धोका पुढचा आहे: अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत ते आतडे काळे पडते. येऊन-जाऊन असणारी कळ तेव्हा सततच्या दुखण्यात बदलते. मात्र वृद्धांमध्ये दुखणे सौम्य असू शकते, तापही नसतो. ‘आजी फारशा ओरडत नाहीत’ यावर विसंबू नये.

अशा वेळी घरी काय करावे, यापेक्षा काय करू नये हे अधिक मोलाचे. पाणी, चहा, काढा, औषध, काहीही तोंडाने देऊ नये. ओठ ओले करावेत इतकेच. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी बंद वाटेवर आतड्याला अधिक जोराने आकुंचित करते. एनिमाही घरी देऊ नये. पोट चोळू नये. गाठ दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण मेलेले आतडे पोटात जाऊन फुटू शकते. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन उपाशीपोटी परस्पर देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. 108 ला फोन करावा आणि जेथे एक्स-रे व शल्यचिकित्सक दोन्ही आहेत, तेथेच थेट जावे. सोबत रोजच्या औषधांच्या पट्ट्या घ्याव्यात, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. रेशनकार्ड व आधारकार्ड घेतले, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी लगेच करता येते.

माझ्या दवाखान्यात जे शक्य होते, ते केले. सलाइन लावले, नाकातून जठरात नळी घातली. तीतून लिटरभर तपकिरी द्रव निघाला आणि आजींना जरा बरे वाटले. हे बरे वाटणेही फसवे असते. दीर म्हणाला, ‘आता उतार पडलाय, रातभर बघू.’ मी नकार दिला. काही रुग्णांत, विशेषतः जुन्या चिकट पट्ट्यांमुळे आतडे अडले असल्यास, नळी आणि सलाइनवर दोन-तीन दिवसांत वाट मोकळी होते. पण तेही शल्यचिकित्सकाच्या नजरेखाली. अडकलेल्या, दुखऱ्या अंतर्गळात वाट पाहण्यास जागा नसते. मुलाला उसाच्या फडात फोन लावला, फोनवरच समजावले, आणि आजी पन्नासेक किलोमीटरवरील अहिल्यानगरला रवाना झाल्या.

रात्री शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. तो काढून टोके जोडावी लागली. बुधवारी सकाळी आल्या असत्या, तर कदाचित आतडे सोडवून गाठीचे तोंड शिवण्यावर भागले असते. चौथ्या दिवशी त्यांचा वारा सरला, तेव्हा वॉर्डातील परिचारिकेने ती बातमी मला फोनवर कळविली. दहाव्या दिवशी त्या घरी आल्या.

महिन्याभराने आजी स्वतःहून दवाखान्यात आल्या. सोबत धाकटी जाऊ होती. तिलाही जांघेत गाठ होती, मऊ, निजल्यावर आत जाणारी. दुखण्याआधी दाखवायला आणली होती.