‘उद्या नक्की येतो’: कारागिराचे मेसेज कसे वाचायचे आणि थांबायचं कधीपर्यंत?



दुकानाचा गाळा घेतलाय, भाडं सुरू झालंय, आणि इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर रोज नवी तारीख देतोय. आपल्या बॅचमधल्या जवळपास प्रत्येकाचा हा टप्पा येतो. मग दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक, “कारागीर असेच असतात, थांबा.” दुसरा, “तीनदा टांग मारली ना? हाकला त्याला.” माझ्या मते दोन्ही चुकीचे. किती वेळा पुढे ढकललं हे मोजून काही कळत नाही. त्याने पाठवलेल्या मेसेजमध्ये काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, ते वाचलं तर बरंच कळतं.

आधी समोरच्याची बाजू समजून घेऊ. कामं घेणारा इलेक्ट्रिशियन एका वेळी एकच साईट धरून बसत नाही, तीन-चार साईट उघड्या ठेवतो. कारण एका ठिकाणी प्लास्टर ओलं असतं, दुसरीकडे सुताराचं काम अडलेलं असतं, तिसरीकडे मालकाने पैसे थकवलेले असतात. त्यात जुन्या गिऱ्हाईकाचा “लाईट गेलीय, लगेच या” असा फोन आला की तो तिकडे पळतो. त्यामुळे एखाद-दुसरी तारीख पुढे जाणं हे या धंद्यात ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच, की तुमची साईट त्याच्या डोक्यात अजून चालू आहे की यादीच्या तळाला गेलीय?

मेसेजमध्ये तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट, कारण. ते तुमच्या कामाचं आहे की त्याच्या अडचणीचं? “बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलंय, दोन दिवस पाणी भरून ठेवून बघायचंय, त्याआधी टाईल नको.” असा प्लंबर उशीर करत नाहीये, तुमचं काम वाचवतोय. खालच्या गाळ्यात पाणी ठिबकायला लागलं की त्या दोन दिवसांची किंमत कळते. “चारची वायर दुकानात संपलीय” हेही तपासता येतं, दुकानात एक फोन केला की झालं. पण “साईटवर अडकलोय” यात तुमच्या कामाबद्दल एक शब्दही नाही.

दुसरी गोष्ट, वेळ. आणि इथे माझं निरीक्षण लिहून ठेवा. काम हातातून सुटायला लागलं की मेसेजमधला वेळ फुगत जातो. आधी “११ वाजता”, मग “संध्याकाळी”, मग “उद्या”, मग “दोन दिवसात”, मग “या आठवड्यात होऊन जाईल”. चार मेसेज ओळीने ठेवले आणि वेळ असा फुगत गेलेला दिसला, तर शेवटच्या मेसेजमधल्या “नक्की” या शब्दाला काही वजन नाही. उलट, तारीख तीनदा बदलली पण दर वेळी दिवस आणि तास ठरलेला होता, तर तो माणूस अजून तुमचं गणित मांडतोय. आणि हो, “बघतो” म्हणजे होकार नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायचा संकोच असतो, त्यामुळे “बघतो” हा बऱ्याचदा सभ्य नकार असतो.

तिसरी गोष्ट, मेसेज आधी कुणाचा? ठरलेल्या वेळेच्या आधी त्याने स्वतःहून कळवलं, की दुपारी १ वाजता तुम्ही फोन केल्यावर उत्तर आलं? माझ्या अनुभवात ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. ज्याच्या डोक्यात तुमचं काम आहे, तो सकाळीच कळवतो.

मेसेजच्या शेजारी पैशाचा हिशोब ठेवा

नुसते मेसेज वाचून भागत नाही. झालेलं काम आणि दिलेले पैसे यांचा मेळ बघा. समजा मजुरीचे ९० टक्के पैसे देऊन झालेत आणि दोन दिवसांचं फिटिंग बाकी आहे. मग त्या दोन दिवसांत त्याला उरलेले १० टक्केच मिळणार. दुसऱ्या साईटवर पूर्ण हजेरी सुटत असेल तर तो तुमच्याकडे का येईल? अशा वेळी मेसेज गोड येतात, माणूस येत नाही. याच्या उलट, त्याचेच पैसे तुमच्याकडे अडकले असतील आणि तरीही तो येत नसेल, तर त्याला खरंच मोठं काम लागलंय किंवा हाताखालचा माणूस सोडून गेलाय असं समजा. अशा वेळी सरळ विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात.

एक उदाहरण घेऊ

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं केकचं दुकान. भाडं महिना १८,००० म्हणजे दिवसाला ६००. मदतनीस मुलगी आधीच कामावर घेतलेली, पगार १२,००० म्हणजे दिवसाला ४००. दुकान बंद असलं तरी रोजचे १,००० जात होते. विक्री बुडते ती वेगळी, ती मी धरतच नाही. इलेक्ट्रिशियनशी मजुरी ठरली १४,०००, मटेरियल ताईंचं. ५,००० आगाऊ दिलेले. भिंतीत झिरी मारून पाईप आणि बॉक्स बसवून झाले होते. वायर ओढणं, बोर्ड आणि एमसीबीचा डबा बाकी होता. ते ५,००० झालेल्या कामात फिटले हे दोघांनाही मान्य होतं.

आता मेसेज बघा.

सोमवार, सकाळी ८.३०: “ताई आज होणार नाही. ओव्हनच्या लाईनची ४ एमएम वायर संपलीय, उद्या ११ पर्यंत येईल.” मंगळवारी वायर आली, अर्धा दिवस कामही झालं. चांगला मेसेज. इथे रागवायचं काहीच कारण नाही.

बुधवार, ताईंनी १ वाजता फोन केल्यावर: “साईटवर अडकलोय, संध्याकाळी बघतो.”

शुक्रवार रात्री: “उद्या नक्की ताई.” शनिवारी कुणी नाही, मेसेजही नाही.

रविवारी ताईंनी विचारल्यावर: “दोन दिवसात करून देतो, टेन्शन नका घेऊ.”

मंगळवारनंतर तिन्ही खुणा फिरल्यात. कारण कामाचं राहिलं नाही, वेळ फुगला, आणि बुधवार आणि रविवार दोन्ही दिवस आधी ताईंनाच विचारावं लागलं.

ताईंनी रविवारीच दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला गाळा दाखवला. त्याने उरलेल्या कामाचे ११,५०० सांगितले आणि गुरुवारी सुरू करतो म्हणाला. जुन्याला द्यायचे उरले होते ९,०००. म्हणजे माणूस बदलला तर २,५०० जास्त. रोजचे १,००० जात असतील, तर २,५०० म्हणजे अडीच दिवस. दोघांनाही उरलेल्या कामाला सारखेच दिवस लागतील असं धरलं, तर नवा गुरुवारी सुरू करणार आणि त्यापुढे अडीच दिवस, म्हणजे शनिवार दुपार. जुना माणूस शनिवारच्या आत आला तर थांबणं स्वस्त, त्यानंतर आला तर बदलणं स्वस्त.

बघा, प्रश्न किती सोपा झाला! “त्याने मला फसवलं का?” हे ठरवायचंच नाहीये. “तो शनिवारच्या आत येईल का?” एवढंच ठरवायचंय.

मग एकच मेसेज पाठवा

ताईंनी पाठवलेला मेसेज असा होता: “दादा, मंगळवारी ११ वाजता येणार असाल तर उद्या संध्याकाळी ७ पर्यंत ‘हो’ कळवा. नाही जमलं तरी राग नाही, पण मग मी उरलेलं काम दुसऱ्याला देईन. आतापर्यंतच्या कामाचा हिशोब आपण बसून करू.”

यात धमकी नाही, टोमणा नाही. दिवस आहे, तास आहे, उत्तराची मुदत आहे आणि मुदतीनंतर काय होईल तेही आहे. मुदत संपली की तेच करायचं. पुन्हा “अजून एक दिवस” दिलात तर पुढच्या मेसेजला किंमत राहत नाही.

सोमवारी दुपारीच उत्तर आलं: “ताई खरं सांगतो, सोसायटीचं मोठं काम लागलंय. पुढच्या सोमवारपर्यंत नाही जमणार. तुम्ही दुसरा बघा.” आख्ख्या आठवड्यातला हा सगळ्यात उपयोगी मेसेज. तो आधी आला नाही, कारण “नाही” म्हणायला जागाच कुणी दिली नव्हती.

बदलण्याआधी थोडं थांबून बघा

काम कुठल्या टप्प्यावर आहे याला महत्त्व आहे. काम सुरूच झालं नसेल तर माणूस बदलणं स्वस्त. सगळं झालं आणि फक्त पंखे-दिवे लावायचे उरले असतील तरीही सोपं. अवघड असतो मधला टप्पा, जेव्हा वायर भिंतीत गेलीय आणि कुठली वायर कुठे जाते हे फक्त जुन्याला माहीत आहे. अशा वेळी तो दोन-तीन दिवस उशिरा येत असेल तरी माझं मत थांबण्याकडे झुकतं. बदलायचंच असेल तर त्याला तासभर बोलवा, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावून घ्या आणि पाईपचे फोटो मागून घ्या. त्या तासाचे पैसे द्या. नव्या माणसाला सांगा की मीटर लावून जुन्या वायरिंगचं इन्सुलेशन आणि अर्थिंग तपासूनच पुढे जायचं.

दुसरं, लोड वाढवायला महावितरणकडे अर्ज करणार असाल तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. दुसऱ्याने केलेल्या कामावर सही करायला ठेकेदार कचरतात. त्यामुळे नव्या माणसाला काम देण्याआधीच विचारा, रिपोर्ट कोण देणार?

आणि एका बाबतीत मेसेज वाचत बसूच नका. उघड्या वायरमध्ये करंट आहे किंवा पाणी गळतंय, तर मेन स्विच किंवा मुख्य कॉक बंद करा आणि जो आज येईल त्याला बोलवा. हिशोब नंतर होतो.

जाता जाता एक सांगतो. उद्या तुम्हालाही गिऱ्हाईकाला ऑर्डर पुढे ढकलल्याचं कळवावं लागेल. तेव्हा त्या सोमवारी सकाळच्या मेसेजसारखं कळवा: वेळेआधी, कारणासकट आणि नव्या तासासकट.