टायटर किती आलं?

मंडळी, दिवाळी अंकाच्या या पानावर दरवर्षी आपण एखादाच विषय घेतो आणि तो नीट चघळतो. गेल्या अंकानंतर दोन-तीन घरांतून जवळजवळ एकच प्रश्न आला. "बाबांचं डायलिसिस सुरू झालंय. कावीळ बी ची लस भारतात झालेली आहे, तीन डोस झालेत, कार्डही आहे. तरी इथलं युनिट पुन्हा लस द्यायला निघालंय. हे कशासाठी?" मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत डायलिसिस नर्स म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला खुर्चीशेजारी उभं राहून महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. म्हणून यंदा त्याविषयीच.

आधी हे बघू, की डायलिसिसवाल्यांसाठीच या लशीचा एवढा आग्रह का. हेपटायटिस बी चा विषाणू रक्तातून पसरतो आणि तो फार चिवट आहे. सुकलेल्या रक्ताच्या, डोळ्यांना दिसणारही नाही अशा डागात तो सात दिवस जिवंत राहू शकतो. आमच्याकडे एका दालनात दिवसभर पाळीपाळीने माणसं येतात. प्रत्येकाचं रक्त नळ्यांतून बाहेर येतं, गाळलं जातं आणि परत आत जातं. खुर्चीचा हात, चिमटा, मशीनचं बटण, नर्सचा हातमोजा, यांतला एक जरी नीट पुसायचा किंवा बदलायचा राहिला, तरी विषाणूला तेवढी वाट पुरते. १९६९-७० साली एडिंबरा इथल्या डायलिसिस विभागात अशीच साथ आली होती आणि तीत रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. तेव्हा लसच नव्हती. आज बाधित रुग्णाला वेगळी खोली आणि वेगळं मशीन देतात, आणि बाकीच्यांना लस.

आता खरी अडचण. निरोगी तरुण माणसाला तीन डोस दिले तर दहांतल्या नऊ जणांच्या अंगात पुरेसं संरक्षण तयार होतं. डायलिसिसवरच्या माणसांत मात्र मोठा डोस देऊनही साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश लोकांतच ते होतं. मूत्रपिंड काम करेनासं झालं की रक्तात जी घाण साचते, तिच्यामुळे रोगाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. लस म्हणजे त्या पेशींना शत्रूचा फोटो दाखवणं. पण पेशी पेंगुळलेल्या असतील तर त्या फोटोकडे धड बघतच नाहीत. वय आणि मधुमेह यांनी हे आणखी वाढतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक डायलिसिस रुग्णांत ही दोन्ही कारणं असतातच.

म्हणून इथे दोन गोष्टी वेगळ्या करतात. पहिली, डोस मोठा असतो. एंजेरिक्स-बी या लशीचा प्रौढांचा नेहमीचा डोस २० मायक्रोग्रॅमचा आहे. डायलिसिसवर तो ४० करतात, म्हणजे एका वेळी दोन इंजेक्शनं, आणि तेही चारदा: पहिल्या दिवशी, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. रिकॉम्बिव्हॅक्सची डायलिसिससाठी वेगळी बाटली मिळते, तिच्या एकाच इंजेक्शनात ४० मायक्रोग्रॅम असतात, आणि ती पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा देतात. अमेरिकेत हेप्लिसाव्ह नावाची दोन डोसांची नवी लस मिळते, ती सोयीची म्हणून मुलं विचारतात. पण हीमोडायलिसिसच्या रुग्णांसाठी तिची परिणामकारकता आणि सुरक्षितता अजून प्रस्थापित मानलेली नाही. इंजेक्शन दंडाच्या स्नायूतच, कमरेत नाही, कारण चरबीत गेलेली लस नीट लागू पडत नाही. आणि दंड फिस्टुला नसलेल्या हाताचा. डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ करायचं औषध चालू असतं, म्हणून टोचल्यावर ती जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरायची.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: लस दिल्यावर ती लागू पडली का, ते मोजतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त घेऊन अँटी-एचबीएस ही प्रतिपिंडांची तपासणी करतात. त्या आकड्याला आम्ही युनिटमध्ये 'टायटर' म्हणतो. तो १० किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे, १० च्या खाली असेल तर नाही असं धरायचं. कार्डावरच्या सह्या फक्त लस टोचल्याचं सांगतात. ती लागली की नाही, ते हा आकडा सांगतो.

एका काकांचं उदाहरण घेते. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. काका नाशिकचे, वय अडुसष्ट, जुना मधुमेह. मुलाकडे राहायला आल्यावर मार्च २०२३ मध्ये त्यांचं डायलिसिस सुरू झालं. २०२१ साली त्यांना नाशिकला २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस मिळालेले होते. टायटर कधीच बघितलेलं नव्हतं. युनिटमध्ये पाऊल टाकताच तीन तपासण्या केल्या. एचबीएसएजी निगेटिव्ह, म्हणजे आत्ता विषाणू नाही. अँटी-एचबीसी निगेटिव्ह, म्हणजे पूर्वीही कधी हा आजार होऊन गेलेला नाही. आणि अँटी-एचबीएस ३. म्हणजे संरक्षण नाही.

मुलगा म्हणाला, "पण लस तर झाली होती ना, ताई?" झाली होती, पण त्यावेळी ती लागलीच नव्हती की लागून नंतर उतरली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. २०२१ मध्ये दोन महिन्यांच्या आत एक रक्ततपासणी झाली असती तर उत्तर कागदावर असतं. तेव्हा नव्याने पूर्ण मालिका सुरू केली: एप्रिल, मे, जून आणि ऑक्टोबर, दरवेळी ४० मायक्रोग्रॅम. नोव्हेंबरअखेर टायटर आलं ६.

काकू हिरमुसल्या. पण याला ठरलेला मार्ग आहे: आणखी एकदा पूर्ण मालिका. डिसेंबरात पहिला, जानेवारीत दुसरा डोस झाला, आणि फेब्रुवारीत पुतण्याच्या लग्नाला काका दीड महिना नाशिकला गेले. तिथे एका केंद्रात त्यांचं डायलिसिस चालू राहिलं. तिसरा डोस लांबला. अशा वेळी घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते; जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. एप्रिलमध्ये परत आल्यावर तिसरा डोस द्यायचा होता, पण आधी आम्ही एचबीएसएजीसाठी रक्त घेतलं आणि मग लस टोचली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. लशीत याच विषाणूच्या कवचाचं प्रथिन असतं. लस दिल्यावर दोन-तीन आठवडे ते रक्तात सापडू शकतं आणि तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग विनाकारण वेगळी खोली, पुन्हा तपासण्या आणि घरात रडारड.

चौथा डोस ऑगस्टमध्ये झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये टायटर ६४. काकूंनी युनिटमध्ये पेढे वाटले, ते साहजिकच रुग्णांना वर्ज्य म्हणून आम्ही नर्सांनीच संपवले.

दुसऱ्या मालिकेनंतरही आकडा १० च्या वर गेला नसता तर? तर आणखी डोस देत बसत नाहीत. त्या रुग्णाला असंरक्षित धरतात आणि दर महिन्याला एचबीएसएजी तपासतात, म्हणजे संसर्ग झालाच तर लवकर कळेल आणि इतरांना जपता येईल. काकांचंही संरक्षण सिद्ध होईपर्यंत हेच चालू होतं.

६४ आल्यावर प्रश्न संपला असं मुलाला वाटलं. त्याचं स्वतःचं टायटर कधीच कुणी मोजलं नव्हतं आणि त्याला गरजही नव्हती. निरोगी माणसात लस एकदा लागली की पुढे प्रतिपिंडं उतरली तरी पेशींना शत्रू आठवतो, विषाणू आला की त्या पुन्हा कामाला लागतात. डायलिसिसवर या आठवणीचा भरवसा धरता येत नाही. आकडा १० च्या वर आहे तोवरच संरक्षण, असं मानायचं. म्हणून दरवर्षी मोजतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये काकांचा आकडा ८ झाला. यावेळी मालिका नाही, फक्त ४० मायक्रोग्रॅमचा एक बूस्टर. एकदा लस लागलेली असल्याने तेवढा पुरेसा धरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघतात.

या सगळ्यातून ज्यांच्या आई-वडिलांचं क्रिएटिनिन वाढत चाललंय पण डायलिसिस अजून लांब आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट निघते. मूत्रपिंड जेवढं शिल्लक, तेवढी लस जास्त लागते. तेव्हा ही लस डायलिसिसच्या खुर्चीत बसेपर्यंत ठेवू नका. पुण्याच्या किंवा नागपूरच्या नेफ्रॉलॉजिस्टना फोनवर आत्ताच विचारा. डोस किती द्यायचा ते तेच ठरवतील. भारतात बरेच जण या टप्प्यावरही ४० मायक्रोग्रॅमचे चार डोस देतात. तुम्ही एवढंच विचारा, की शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर कधी करायचं.

इतर लशींबद्दल थोडक्यात. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, पण इंजेक्शनची, नाकात मारायच्या फवाऱ्याची नाही. न्यूमोनियाची लस झाली नसेल तर डॉक्टरांना विचारायची. आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लशी शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी उरकायला हव्यात, कारण नंतरच्या औषधांमुळे त्या सहसा देता येत नाहीत.

भारतात जाताना किंवा तिकडून कुणी इकडे येताना औषधांच्या पिशवीत एक कागद ठेवा. त्यावर प्रत्येक डोसची तारीख, लशीचं नाव, मायक्रोग्रॅम, आणि त्याखाली टायटरची तारीख व आकडा, सोबत तीनही तपासण्यांचे ताजे रिपोर्ट. नुसतं "लस झाली" असं लिहिलेल्या कार्डावर कुठलंच युनिट फार काही ठरवू शकत नाही. आकडा असेल तर पहिल्याच दिवशी ठरतं, की पूर्ण मालिका हवी, एक बूस्टर पुरे, की आत्ता काहीच नको.