उन्हाचे वर्ष कोणत्या महिन्यात संपते?



रावेरच्या बैठकीत या खेपेला कपाशीच्या भावाआधी विजेच्या बिलावर बोलणे झाले. एक ताई पिशवीतून बिलांची चळत घेऊन आल्या होत्या. घरावर दोन किलोवॅटचे सोलर बसवले आहे. त्यांचे म्हणणे साधे होते. "हिवाळाभर बिलावर युनिट शिल्लक दिसत होते. उन्हाळ्यात कूलर लावू तेव्हा कामी येतील म्हणून आम्ही निश्चिंत होतो. एप्रिलच्या बिलात पाहिले तर शिल्लक शून्य. आमचे युनिट गेले कुठे?"

प्रश्न एका घराचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान मिळू लागले, तेव्हापासून गावोगावच्या छपरांवर पाट्या दिसू लागल्या. अनुदान धरूनही उरलेला पैसा घरातून किंवा कर्जातून गेला आहे. ज्याच्या शेतात विहिरीला पाणी नाही, ज्याचे वर्ष एका कपाशीवर आणि एका ज्वारीवर निघते, त्याने घातलेला हा पैसा आहे. त्याचा हिशेब त्याला स्वतःला करता आला पाहिजे.

आधी मीटर काय मोजतो ते पाहू. पाटीने दिवसा केलेली वीज आधी घरात वापरली जाते. पंखा, फ्रीज, टीव्ही यांनी खाऊन जी उरते ती तारेवर जाते. संध्याकाळी पाटी झोपली की घर तारेवरून वीज घेते. नेट मीटर फक्त ही ये-जा मोजतो. तारेवरून घेतलेले युनिट एकीकडे आणि तारेवर दिलेले दुसरीकडे. दिवसा घरातल्या घरात वापरलेली वीज नेट मीटरला दिसतच नाही. "सोलरच्या मीटरवर २४० युनिट झाले, बिलात १३०च का धरले," अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्यात चोरी नाही. बाकीचे ११० युनिट त्यांनीच दिवसा वापरलेले असतात.

आता ताईंच्या घरासारख्या घराचा हिशेब करू. आकडे आम्ही सोपेपणासाठी गोल केले आहेत. मे महिना घ्या. पाटीने २४० युनिट केले, ११० दिवसा घरात गेले, १३० तारेवर दिले. रात्रीचे कूलर धरून तारेवरून ३१० घेतले. म्हणजे घराचा खरा वापर ४२० युनिट. बिल मात्र ३१० वजा १३०, म्हणजे १८० युनिटचे.

यात फायदा कोठे होतो ते नीट समजून घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ साली वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटला सुमारे सहा रुपये, पुढच्या २००ला सुमारे साडेअकरा आणि ३००च्या वर सुमारे पावणेसोळा रुपये पडत होते. पाटी नसती तर ४२० युनिटला पावणेपाच हजारांच्या आसपास लागले असते. १८० युनिटला दीड हजार लागले. वजाबाकी वरून होते, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी उडतात. म्हणून ज्याचा वापर मोठा त्याला पाटी लवकर परवडते आणि ज्याचे बिल मुळातच शंभर युनिटच्या आत आहे त्याला उशिरा.

आता जानेवारी. कूलर बंद, पंखेही जवळजवळ बंद, ऊन स्वच्छ. पाटीने २३० केले, ५० घरात गेले, १८० तारेवर दिले. तारेवरून घेतले फक्त ९०. दिले जास्त, घेतले कमी, म्हणून ९० युनिट शिल्लक पडले. ही शिल्लक रुपयांत मिळत नाही, युनिटमध्ये पुढच्या महिन्याच्या बिलावर जाते. त्या महिन्याचे बिलही शून्य येत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचे १६ टक्के वीज शुल्क द्यावेच लागते.

या घरात नोव्हेंबरला ६०, डिसेंबरला ७०, जानेवारीला ९०, फेब्रुवारीला ८० आणि मार्चला २० असे साठत साठत ३२० युनिट झाले. आणि ३१ मार्च उजाडला.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. महाराष्ट्र राज्य वीज नियामक आयोगाने छपरावरच्या सोलरसाठी २०१९ साली विनियम केले. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातील, पण आर्थिक वर्षाअखेर जे उरतील ते वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या सर्वसाधारण दराने विकत घेईल आणि १ एप्रिलला खाते शून्यापासून सुरू होईल, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे युनिट हरवले नाहीत, विकले गेले. कोणत्या भावाने, हा खरा प्रश्न आहे. तो दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा पुष्कळ खाली असतो. हिशेबाला तीन रुपये धरू. ३२० युनिटचे ९६० रुपये झाले.

एप्रिल लागतो. ऊन तापते, कूलर लागतो. घराला पाटीची वजावट होऊनही एप्रिलमध्ये १५० आणि मेमध्ये १८० युनिट विकत घ्यावे लागतात. हिवाळ्याचे ३२० युनिट हाताशी असते तर एप्रिलचे सगळे आणि मेचे १७० फिटले असते. त्यांची किंमत २०२४-२५च्या दराने २,६०० रुपयांच्या वर आणि वीज शुल्क धरून तीन हजारांच्या थोडी वर जाते. आपलीच वीज ३१ मार्चला ९६० रुपयांना विकली आणि पुढच्या दोन महिन्यांत तेवढीच तीन हजारांना परत घेतली. कापूस सुगीत पडेल भावाने द्यायचा आणि सरकी-पेंड चढ्या भावाने आणायची, हा धंदा आपल्याला नवा नाही. २०२५ मध्ये दर पुन्हा बदलले आहेत. तेव्हा ज्याने त्याने आपल्या बिलावरचा दर घालून हा हिशेब करावा. आकडा बदलेल, दिशा बदलणार नाही.

वीज कंपनीच्या बाजूचेही खरे सांगितले पाहिजे. तार म्हणजे आपली फुकटची कोठी नव्हे. दुपारी सगळीकडे सोलर चालते तेव्हा वीज स्वस्त असते आणि रात्री महाग. दुपारचे युनिट घेऊन रात्री त्याच्या बदल्यात युनिट देणे यात कंपनीला खर्च आहे. हे मान्य. पण आयोगाने बारा महिन्यांची साठवण मुळातच मान्य केली आहे. आमचा वाद ते बारा महिने कोठून कोठपर्यंत धरायचे एवढ्यापुरता आहे. मार्चअखेर ही कारकुनाच्या वहीची तारीख आहे. उन्हाची नाही, पिकाची नाही. खानदेशात ऊन स्वच्छ आणि वापर कमी असे महिने नोव्हेंबर ते मार्च. वापर जास्त असे महिने एप्रिल ते जून, आणि ढगाने पाटी मंदावते असे जुलै-ऑगस्ट. साठवण आधी आणि गरज नंतर. आणि खाते मिटवायची तारीख नेमकी दोघांच्या मध्ये घातली आहे. कपाशीचे वर्ष व्यापारी आणि सरकारही ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, कारण बोंड मार्चअखेर पाहून फुटत नाही. छपरावरच्या विजेचे वर्षही ऑक्टोबर ते सप्टेंबर धरावे, ही आमची मागणी आहे. मग हिवाळ्याचे युनिट उन्हाळ्यात वापरले जातील आणि सप्टेंबरअखेर जे खरोखर उरेल ते कंपनीने ठरल्या दराने खुशाल घ्यावे. विनियम बदलताना आयोगाला मसुदा काढून हरकती मागवाव्या लागतात. पुढच्या मसुद्याच्या वेळी खानदेशातून हिशेबासकट हरकती गेल्या पाहिजेत. नुसत्या घोषणांनी आयोग हलत नाही.

तोवर घरी काय करायचे? पहिले, पाटी हिवाळ्याच्या शिलकीकडे पाहून मोठी करू नका. मागच्या बारा बिलांची बेरीज करा आणि वर्षाच्या वापराएवढीच बसवा. जास्तीची वीज पडेल भावानेच जाणार आहे. दुसरे, फेब्रुवारीच्या बिलावर शिल्लक दिसली तर ती मार्चमध्ये घरातच वापरा. विजेच्या शेगडीवर स्वयंपाक केला तर एका सिलिंडरचे काम साधारण शंभर ते सव्वाशे युनिटमध्ये होते. तीन रुपयांच्या भावाने ते युनिट विकून साडेतीनशेच्या आसपास येतील. सिलिंडर त्याहून कितीतरी महाग आहे.

तिसरे, वही ठेवा. मीटर वाचायला माणूस येतो त्या दिवशी मीटरच्या पडद्यावर आळीपाळीने येणारे घेतलेले आणि दिलेले असे दोन्ही आकडे लिहून घ्या, सोलरच्या मीटरचाही लिहा. बिल आले की वजाबाकी करा आणि मागची शिल्लक आली का ते पाहा. बिलात दिलेले युनिट शून्य असतील, किंवा मागच्या महिन्याची शिल्लक या महिन्यात उतरली नसेल, तर चूक बिलात आहे. एप्रिल-मेच्या बिलात मार्चअखेरच्या युनिटचे पैसे जमा झाले का, हेही तपासा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. तेथे वहीतले आकडे चालतात, तोंडी गाऱ्हाणे चालत नाही.

आणि एक सावधगिरी. नेट मीटर लागण्याआधी पाटी चालू करून देतो असे बसवणारा म्हणाला तर थांबवा. कित्येक साध्या मीटरना वीज आत आली की बाहेर गेली ते कळत नाही. दोन्ही वेळा आकडा पुढेच पळतो. आपणच दिलेल्या विजेचे बिल आपल्यालाच येते.

ताईंची बिले आम्ही बैठकीतच जमिनीवर मांडून पाहिली. त्यांची शिल्लक नियमाप्रमाणेच मिटवली होती. बिलात चूक नव्हती. चूक तारखेत आहे, आणि ती दुरुस्त करून घ्यायची तर अशा घरांच्या बारा-बारा बिलांची चळत लागेल. पुढच्या बैठकीला येताना आपापली बिले घेऊन या.