गोधडीच्या हिशोबात बाईचा रोज कुठाय?

गगनबावड्यात चार महिने पाऊस कोसळतो. त्या दिवसांत हातशिलाईची गोधडी हातात घेतलेल्या बाईला तिची किंमत विचारा. "साड्या जुन्याच, शिवली रिकाम्या वेळात. हजार द्या." हा रिकामा वेळ कुणी ठरवला? पुरुष गवंड्याचा रोज कधी रिकाम्या वेळात धरतात का?

मैत्रिणींनो, हिशोब मांडूया. समजा, एका गोधडीला 48 तास लागले, म्हणजे आठ तासांचे सहा रोज. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. त्या दराने 1782 रुपये झाले. अस्तर आणि दोरा 260. सुया, दिव्याचं बिल, कोल्हापूरच्या एस.टी. भाड्यातला या गोधडीचा वाटा मिळून 160. झाले 2202. हजाराला विकली तर खर्च वजा जाता उरतात 580, म्हणजे रोजाला सत्त्याण्णवसुद्धा नाहीत. आणि यालाच घरात "नफा" म्हणतात! नफा रोज सुटल्यावरचा. तो दहा टक्के धरा, 220. पुढचं अस्तर आणि ओलीनं बुरसलेली एखादी गोधडी त्यातूनच भागते.

आता भाव 2422. दुकानदार विक्रीचा पाचवा हिस्सा कापत असेल, तर या भावात पाचवा नव्हे, चौथा हिस्सा मिळवावा लागतो, म्हणजे जवळजवळ 3030. नाहीतर कमिशन बाईच्या रोजातून जातं.

एवढ्याला गिऱ्हाईक मिळत नसेल, तर टाके विरळ घाला, नाहीतर बाळाचं दुपटं शिवा. तास कमी करा, तासाचा दर नको.