अर्ज म्हणजे भांडवल नव्हे

छोट्या खासगी कंपनीत एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ‘भागधारक सगळे घरचेच. पैसे बँकेत आले की भांडवल जमा करा. अर्ज, वाटप, कॉल ही तीन नाटकं कशाला?’ बेरीज शेवटी तीच येते, हे त्यामागचं गृहीत. मला ते मुळातच चुकीचं वाटतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कंपनीला शंभर रुपयांचे १,००० समभाग द्यायचे आहेत. अर्जासोबत ५०, वाटपाला २५ आणि कॉलला २५ रुपये. अर्ज आले १,२०० समभागांचे, म्हणजे बँकेत ६०,००० रुपये. रोजकीर्दीत बँक खाते नावे, समभाग अर्ज खाते जमा. भांडवल अजून शून्य आहे, कारण संचालक मंडळाने ठराव केलेला नाही. एकाच नोंदीत सगळं उरकणाऱ्याने मात्र इथेच ६०,००० भांडवल दाखवून टाकलं.

ठराव १,००० समभागांचाच झाला. आता अर्ज खाते ६०,००० नावे पडतं, त्यातले ५०,००० समभाग भांडवलाला आणि १०,००० परतफेडीपोटी बँकेला जमा होतात. ते दहा हजार कधीच भांडवल नव्हते. मग वाटप खाते २५,००० नावे, भांडवल जमा. पैसे आले की बँक नावे, वाटप खाते जमा.

खासगी वितरण असेल, तर हा फरक कायद्यालाही महत्त्वाचा आहे. कंपनी कायदा २०१३चं कलम ४२ सांगतं, अर्जाची रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवा आणि साठ दिवसांत वाटप करा. ते न जमल्यास पुढच्या पंधरा दिवसांत पैसे परत. त्यातही चुकलात तर साठावा दिवस संपल्यापासून बारा टक्के व्याज. शिवाय वाटपाचं विवरण, पीएएस-३, निबंधकाकडे दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. अर्जाचं वेगळं खातं नसेल, तर हे दिवस मोजणार कशावरून? ‘घरचे’ असल्याने हा काळ थांबत नाही.

कॉलच्या वेळी तर या एकाच नोंदीच्या पद्धतीची पंचाईतच होते. कॉल खाते २५,००० नावे, भांडवल जमा. पण २०० समभागांच्या मालकाने पैसे दिले नाहीत. म्हणून बँक २०,००० नावे, थकीत कॉल ५,००० नावे, कॉल खाते २५,००० जमा. ताळेबंदात मागितलेलं भांडवल एक लाख, वजा थकीत पाच हजार, म्हणून पंचाण्णव हजार. आलेल्या रकमेचीच नोंद ठेवणाऱ्यालाही पंचाण्णव हजारच दिसतील, पण न आलेले पाच हजार कुणाकडे, हे त्याच्या वहीत सापडणार नाही. समभाग जप्त करण्याची वेळ आली, तर नियमावलीतल्या तरतुदीनुसार पाठवायच्या नोटिशीत हाच आकडा लिहावा लागतो.

तुमच्या कंपनीची वही उघडा आणि समभाग अर्ज खातं शोधा. ते नसेल, तर बँकेच्या उताऱ्यावरच्या तारखा आणि मंडळाचे ठराव शेजारी ठेवून आजच दुरुस्तीची नोंद करा.