खिडकी उघडी ठेवा, पण गज मोजा

परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या घराची खिडकी बंद ठेवा, हा सल्ला मला पटत नाही. वारा हवाच. गज मात्र टेपने मोजा. दोन गजांतली जागा 10 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे चार बोटं नव्हे, चार इंचांपेक्षा कमी हवी. जास्त असली की लेकराचं अंग बाहेर सरकतं, डोकं अडकतं आणि श्वास कोंडतो. आडव्या गजांची तर लेकरं शिडीच करतात. ते आधीच बसवलेले असतील तर आतून अर्धा इंच भोकांची लोखंडी जाळी घट्ट बांधा. वारा येतो, पाय ठरत नाही. मच्छरांची जाळी वजन पेलत नाही. खिडकीखालची पेटी हलवा. घराला दार एकच असेल तर एक खिडकी आतून उघडणारी ठेवा, कडी उंचावर. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट.