टाकीच्या स्वच्छतेविषयीचे चार गैरसमज : गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांस जाहीर आवाहन

सभासद बंधु-भगिनींनो,

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, अशी वर्षातून दोन वेळा पाण्याची टाकी धुवून घेण्याचा शिरस्ता आपल्यापैकी बहुतेक संस्थांनी पत्करलेला आहे. परंतु टाकी कशी धुतली असता ती खरोखर स्वच्छ झाली असे मानावे, याविषयी सभासदांच्या मनात ज्या समजुती रूढ झालेल्या आहेत, त्यांतील काही केवळ चुकीच्या नसून आरोग्यास आणि प्रसंगी प्राणासही घातक आहेत. टाकी-सफाई हा आमचा व्यवसाय असल्यामुळे या समजुतींचे परिणाम आम्हांस नित्य दिसतात. आपण आमच्याकडूनच काम करून घ्या असा आमचा आग्रह नाही. ज्याच्याकडून करून घ्याल त्याचे काम पारखून घेता यावे, एवढ्याचसाठी हे निवेदन आपणांपुढे ठेवीत आहोत.

गैरसमज पहिला : पाणी नितळ दिसते, तेव्हा टाकी स्वच्छ आहे.

टाकीतून पाणी घेणारी नळी तळापासून काही इंच उंचावर बसवलेली असते, आणि तिच्याखाली जो गाळ साचतो तो पाण्याची पातळी अगदी खाली जाईपर्यंत नळात उतरत नाही. म्हणून नळाचे नितळ पाणी हा टाकीच्या स्वच्छतेचा पुरावा ठरू शकत नाही. झाकण उघडून आत हात पोचेल तेथपर्यंत, पाण्याच्या नेहमीच्या रेषेलगतच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला बुळबुळीत लागले, तर तेथे सूक्ष्म जीवांनी स्वतःभोवती निर्माण केलेला चिकट थर जमला आहे असे समजावे. या थराच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत पालिकेने पाण्यात घातलेला क्लोरीन सहसा पोचत नाही, उलट थरातील सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावून तोच खर्ची पडतो.

त्यानंतर विजेरीचा झोत पाण्यावर टाकून क्षणभर स्तब्ध राहावे. पृष्ठभागाशी समांतर आडव्या पडलेल्या आणि सावली पडताच खाली बुडी मारणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर त्या हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस जातीच्या असण्याचा संभव असतो. डोके खाली करून तिरप्या लोंबकळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर त्यांत डेंग्यूच्या एडिस डासाच्या अळ्याही असू शकतात. हे दोन्ही डास गटाराच्या घाणीपेक्षा स्वच्छ साठवणीचे पाणी पसंत करतात. मुंबईतील हिवतापाची चौकशी करणारे डॉ. बेंटली यांनी 1911 च्या आपल्या अहवालात शहरातील घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवले होते. विहिरींची जागा आज गच्चीवरील टाक्यांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक. झाकण घट्ट बसणे आणि पाणी ओसंडून जाण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असणे, या दोन गोष्टींचा बंदोबस्त झाल्यावाचून सफाईचा लाभ पंधरवडाभरही टिकत नाही.

गैरसमज दुसरा : टाकी रिकामी करून पुन्हा भरली, की काम झाले.

एडिस डासाची मादी आपली अंडी पाण्यात न सोडता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवून ठेवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा त्या उंचीला पोचले म्हणजे फुटतात. यावरून उघड होते, की टाकी रिती करण्याने अळ्या जातात, परंतु अंडी आणि बुळबुळीत थर ही दोन्ही जेथल्या तेथे राहतात. ताठ केसांच्या ब्रशाने आधी छत, मग भिंती आणि शेवटी तळ, या क्रमाने घासणे, कोपरे व नळ्यांची तोंडे विशेष काळजीने घासणे, सुटलेला गाळ बादलीने किंवा ओल्या गाळासाठी असलेल्या शोषयंत्राने बाहेर काढणे, आणि तो गाळ कोणत्याही कारणाने इमारतीच्या नळांत उतरू न देणे, हे सफाईचे खरे अंग होय. घासण्याआधी जंतुनाशक ओतणे म्हणजे ते जंतूंवर खर्च करण्याऐवजी चिखलावर खर्च करणे. अर्ध्या तासात सगळी टाकी ‘धुवून’ निघून जाणारा कारागीर या पायरीला फाटा देतो, हे सभासदांनी पक्के ध्यानात ठेवावे.

गैरसमज तिसरा : पावडर जितकी अधिक आणि अ‍ॅसिड जितके तीव्र, तितकी टाकी शुद्ध.

जंतुनाशनासाठी वापरली जाणारी टी.सी.एल. पावडर किती घालावी, हा अंदाजाचा प्रश्न नसून साध्या त्रैराशिकाचा आहे. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या उंचीची टाकी घेतली, तर तिच्यात दहा घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर पाणी मावते. घासून झालेल्या टाकीच्या निर्जंतुकीकरणासाठी दर लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. त्या हिशेबाने येथे 500 ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडरीत चतुर्थांश क्लोरीन असेल, तर दोन किलो पावडर पुरेशी होते. परंतु पोते उघडे, दमट जागी पडून राहिले असता पावडरीची शक्ती झपाट्याने घटते आणि ती निम्म्यावर आली असेल तर त्याच कामास चार किलो लागतात. म्हणून पावडर कोणत्या तारखेची आणि कशी ठेवलेली, हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक सभासदास हक्क आहे.

ही पावडर कोरडी टाकीत फेकू नये. बादलीत तिची खीर करून, पाणी वाढवून, चुनकळीचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतावी. टाकी भरल्यावर प्रत्येक घरातील नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावा, म्हणजे नळ्यांचेही निर्जंतुकीकरण होते, आणि हे पाणी रात्रभर, शक्य तर चोवीस तास, तसेच ठेवून मग सगळे सोडून द्यावे. हे पाणी पिण्याचे नव्हे; पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे एक मिलिग्रॅम एवढा क्लोरीन घालावयाचा झाल्यास त्याच टाकीस अवघी 40 ग्रॅम पावडर लागते, यावरून दोन प्रमाणांतील अंतर लक्षात येईल. ज्या काळात पाण्याची टंचाई असते, त्या काळात 10,000 लिटर पाणी भरून टाकून देणे उचित नाही. अशा वेळी लिटरमागे 200 मिलिग्रॅम क्लोरीनच्या द्रावणाने भिंती व तळ अर्धा तास सतत ओले ठेवून नंतर धुवून काढण्याचा मार्ग पत्करता येतो. शंभर लिटर द्रावणास 80 ग्रॅम पावडर पुरते. मात्र यात कारागीर वायूच्या सान्निध्यात येत असल्यामुळे मुखवटा आणि खेळती हवा यांवाचून तो अवलंबू नये.

अ‍ॅसिडाविषयी तर आमचा स्पष्ट नकार आहे. अ‍ॅसिडाने सिमेंटच्या गिलाव्यातील चुना विरघळतो; पृष्ठभाग काही दिवस पांढरा दिसतो, पण तो खडबडीत झाल्याने पुढचा चिकट थर त्यावर अधिक घट्ट बसतो. त्याहून भयंकर असे, की अ‍ॅसिड आणि टी.सी.एल. पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंदिस्त टाकीत त्याला बाहेर जाण्यास वाटच नसते.

गैरसमज चौथा : टाकीत उतरणे हे कोणाही माणसाचे काम आहे.

दिनांक 9 मार्च 2025 रोजी मुंबईत नागपाडा भागात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या भूमिगत टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. दीर्घकाळ झाकून राहिलेल्या टाकीत कुजणारे लाकूड, गंजणारे लोखंड आणि गाळ हे हवेतील प्राणवायू शोषून घेतात, आणि अशा हवेला रंग, वास किंवा धूर यांपैकी कोणतीही खूण असतेच असे नाही. आत उतरलेला माणूस अकस्मात कोसळतो, त्याला वाचवण्यास दुसरा उतरतो आणि तोही त्याच हवेस बळी पडतो. म्हणून सर्व झाकणे पूर्वीच उघडून ठेवणे, पंख्याने आत ताजी हवा सोडत राहणे, प्राणवायू मोजून मगच उतरणे, उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून दुसरा माणूस झाकणापाशी अखंड उभा ठेवणे आणि पेट्रोलवर चालणारा पंप कधीही आत न नेणे, कारण त्याचा धूर स्वतःच मारक असतो, हे नियम आम्ही अटळ मानतो. आपल्या वॉचमनला अथवा सफाई कामगाराला चार पैसे वाचवण्यासाठी भूमिगत टाकीत उतरवू नका, ही आमची विनंती सर्वांत कळकळीची आहे.

शेवटी परीक्षेविषयी. टाकी चकाकते की नाही, वा पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो की नाही, यांपैकी कोणतेही माप खरे नाही. स्वच्छ पाणी भरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नमुने घ्यावेत : एक टाकीत पाणी येते त्या तोंडाशी, दुसरा सर्वांत दूरच्या घराच्या नळाशी. दोहोंत ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून दहा सेकंदांच्या आत उमटणारी पिवळी छटा तक्त्याशी ताडून पाहावी. भारतीय मानक 10500 प्रमाणे ग्राहकाच्या टोकाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा. येणाऱ्या पाण्यात तो आहे आणि दूरच्या नळात नाही, असे आढळल्यास दोष टाकीत अथवा नळ्यांत आहे आणि काम अपुरे राहिले आहे. दोन्हींत नसल्यास पाणीच क्लोरीनविना येत आहे, जसे टँकरचे किंवा कूपनलिकेचे येते, आणि तेथे टाकी कितीही घासली तरी रोज प्रमाणशीर पावडर घालण्यावाचून गत्यंतर नाही. तसेच भूमिगत टाकीची भिंत सांडपाण्याच्या नळाशेजारी तडकलेली असेल, तर तिची दुरुस्ती झाल्याशिवाय कोणत्याही सफाईचा दाखला ग्राह्य धरू नये.

तरी सर्व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांस आमचे आवाहन असे, की पुढील सफाईच्या वेळी, ती कोणाकडूनही करून घ्या, कारागिराकडून टाकीचे माप, पावडरीची तारीख व वजन, पाणी ठेवल्याचे तास आणि दोन्ही नमुन्यांचे आकडे लेखी घेऊन संस्थेच्या दफ्तरी नोंदवून ठेवावेत, आणि हा तपशील मिळेपर्यंत देयक चुकते करू नये. हीच अट आमच्या देयकासही लागू राहील.

आपले नम्र,
टाकी-सफाईचे काम करणारे